तहान राखून भिजलेली वीट

बांधून महिना झालेल्या भिंतीतून अख्खी वीट हाताने ओढून काढता येते, हे मी सोलापुरात एका मे महिन्यात पाहिलं. दोन खोल्यांमधली चार इंची आडभिंत होती. वायरमन पाइपासाठी झिरी मारत होता. छिन्नीचे तीन-चार घाव बसले आणि वीट हलायला लागली. त्याने ती दोन्ही हातांनी ओढली, तर हिरडीवरून सुटलेल्या कवळीसारखी निघून आली. मुकादमाने लगेच निकाल दिला, "साहेब, सिमेंट कमी पडलंय."

मला तसं वाटलं नाही. निघालेल्या विटेचा तळ अगदी स्वच्छ होता, जणू आत्ताच भट्टीवरून ट्रकमध्ये चढलेली वीट. तिच्या खालच्या विटेवर मात्र सगळा माल घट्ट बसलेला होता, आणि खिळ्याने खरवडला तरी सहज निघत नव्हता. सिमेंट खरोखर कमी असतं, तर माल दोन्हीकडे भुसभुशीत निघाला असता. इथे एकाच मालाने खालच्या विटेला धरलं होतं आणि वरच्या विटेला ओळखही दाखवली नव्हती. आणखी पाच-सहा विटा काढून पाहिल्या, सगळीकडे तेच चित्र. अशी एकतर्फी खूण दिसली की मी सिमेंटच्या पोत्यांकडे न पाहता पाण्याच्या पाइपाकडे पाहतो.

भाजलेली वीट म्हणजे बारीक नळ्यांचं जाळं असतं. कोरडी असताना या नळ्या पाणी ओढतात, टिपकागद शाई ओढतो तसं. हे ओढणं वाईट नाही, उलट वीट आणि मालाची पकड त्याच्यावरच उभी आहे. विटेने पाणी ओढलं की त्या पाण्याबरोबर विरघळलेलं सिमेंटही विटेच्या तोंडाशी असलेल्या छिद्रांत शिरतं, आणि तिथे त्याचे सुईसारखे स्फटिक आणि चिकट थर तयार होतात. विटेत रुजलेली ही मुळं म्हणजेच बंध. वीट आणि माल एकमेकांना गोंदासारखे चिकटत नाहीत, एकमेकांत अडकतात.

मग तहान जास्त असली तर बिघडतं कुठे? गवंडी एका विटेपुरता माल टाकत नाही. थापीने चार-पाच विटांचा माल एकदम पसरतो आणि मग एकेक वीट बसवत जातो. माल पडल्या क्षणापासून खालची वीट पाणी प्यायला लागते. तिला ओला, मऊ माल मिळालेला असतो, म्हणून तिची पकड बरी होते. पण वरची वीट येईपर्यंत एक-दोन मिनिटं गेलेली असतात आणि मालाचा वरचा पापुद्रा आवळून आलेला असतो. त्यावर वीट ठोकली तरी ती नुसती टेकते. शिवाय ती स्वतः कोरडी असेल तर उरलंसुरलं पाणीही घेते. नंतर सात दिवस भिंतीवर पाणी मारलं, तर आतलं अर्धवट राहिलेलं सिमेंट काही अंशी जागं होतं, पण जिथे माल विटेच्या अंगाला लागलाच नाही तिथे काय रुजणार?

याचा हिशेब एकदा आकड्यांत मांडून पाहण्यासारखा आहे. आपल्याकडची नऊ बाय चार बाय तीन इंची वीट कोरडी असताना साधारण तीन किलो भरते. चोवीस तास पाण्यात बुडवली तर ती वजनाच्या वीस टक्क्यांपेक्षा जास्त पाणी पिऊ नये, अशी सर्वसाधारण विटांसाठी भारतीय मानकाची मर्यादा आहे. आपण सोळा टक्के धरू, म्हणजे ४८० ग्रॅम. आता एका विटेखालचा माल पाहा. बारा मिलिमीटर जाडीचा थर म्हणजे सुमारे साडेपाचशे ग्रॅम माल, आणि एकास सहाच्या मालात त्यातलं पाणी साधारण सत्तर ग्रॅम. एकीकडे पाऊण पेला पाण्याचीही भर नाही, दुसरीकडे अर्ध्या लिटरची तहान. त्या सत्तर ग्रॅमपैकी सिमेंटला स्वतःसाठी पंचवीस-तीस ग्रॅम लागतं, बाकीचं पाणी माल थापीखाली मऊ फिरावा म्हणून घातलेलं असतं. हे बाकीचं विटेने घ्यायला हरकत नाही, नव्हे घ्यावंच. पण कोरडी वीट तिथे थांबत नाही. उथळ ताटात पाणी घेऊन तीव्र शोषणाची वीट आडवी ठेवली, तर एका मिनिटात तिचा तळ साठ-सत्तर ग्रॅम पाणी उचलू शकतो. माल ताटातल्या पाण्याइतक्या सहज पाणी सोडत नाही हे खरं, तरी ओढाताण किती विषम आहे ते यावरून कळतं.

सोलापूरच्या त्या साइटवर "विटा भिजवल्याच नाहीत का?" असं विचारल्यावर गवंडी दुखावले. भिजवल्या होत्या की! रोज सकाळी बिगारी थप्पीवर पाइप धरत होता. मी थप्पीच्या मधोमधची वीट काढून हातोडीने फोडायला सांगितली. ती आत-बाहेर कोरडीठाक होती. वरच्या थरातली फोडली, तर कडेने करंगळीच्या अर्ध्या रुंदीची गडद पट्टी आणि आत फिकट गाभा. पाइपाने विटांना आंघोळ झाली होती, पाणी पोटात गेलं नव्हतं. ओल्या दिसणाऱ्या अशा विटेने आणखी एक फसवणूक होते. तिच्या अंगावरचं पाणी सोलापूरच्या उन्हात दहा मिनिटांत आत-बाहेर निघून जातं आणि रचताना ती पुन्हा पूर्वीइतकीच तहानलेली असते. थप्पीवर पाणी मारून भिजवायला सीपीडब्ल्यूडीच्या विनिर्देशांची ना नाही, पण त्यात भरपूर पाणी, ठरावीक अंतराने आणि किमान सहा तास असं म्हटलेलं आहे. सकाळी एकदा पाइप धरणं त्यात बसत नाही.

मग किती वेळ भिजवायची? या प्रश्नाला घड्याळातलं उत्तर नाही, कारण प्रत्येक भट्टीची वीट वेगळी. भट्टीच्या मध्यातली नीट भाजलेली, कडेची पिवळी आणि आगीजवळची काळपट खंगर या एकाच ट्रकमधून येतात आणि पाणी वेगवेगळ्या गतीने पितात. त्या विनिर्देशांतच एक साधी चाचणी दिलेली आहे आणि मी तीच करतो. एका लॉटमधल्या काही विटा पाण्यात टाकायच्या, वेगवेगळ्या वेळांनी काढायच्या आणि फोडून ओल कुठवर गेली ते पाहायचं. ज्या सर्वांत कमी वेळात गाभ्यापर्यंत ओल पोचते, ती त्या लॉटची वेळ. आम्ही त्या दिवशी वजनही केलं. पाव तासाने काढलेल्या विटेत पावणेचारशे ग्रॅमच्या आसपास पाणी गेलं होतं, पण फोडल्यावर मध्ये फिकट डाग होता. एका तासाने डाग गेला आणि पाणी सव्वाचारशेच्या आसपास भरलं. पुढे रात्रभर ठेवूनही पन्नास-साठ ग्रॅमच वाढले. म्हणजे गाभा ओला झाला तरी वीट भरलेली नसते, बारीक छिद्रांत हवा अडकून राहते. बुडबुडे येणं थांबलं की वीट भिजली, असं जुने गवंडी म्हणतात. ढोबळमानाने ते बरोबर आहे, पण हौदात दोनशे विटा असताना कुणाचे बुडबुडे मोजणार?

इथपर्यंतचं बहुतेकांना मान्य असतं. चूक होते ती यानंतर. हौदातून काढलेली वीट तशीच, पाणी गळत असताना भिंतीवर जाते. तिच्या अंगावर पाण्याचा पातळ पडदा असतो आणि तोंडाची छिद्रं भरलेली असतात, त्यामुळे ती मालातून काहीच ओढत नाही. माल विटेत रुजायचा तर ओढ हवी, तीच संपलेली असते. शिवाय सांध्यातलं पाणी वाढल्याने माल पातळ होतो आणि वीट तरंगते. पावसाळ्यात पाणी साचलेल्या खड्ड्यातून थेट विटा उचलून रचलेली एक भिंत मला आठवते. सकाळी ओळंब्यात होती, दुपारी मध्यावर पोट आलं होतं आणि दरजांमधून सिमेंटचं दूध खाली ओघळलं होतं. भिंत दिवसाला एक मीटरपेक्षा उंच चढवू नये हा नियम त्या दिवशी कुणी पाळला नव्हता, ते वेगळंच. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत माती-सिमेंटच्या ठोकळ्यांवर झालेल्या प्रयोगांतही, कोरड्या आणि पूर्ण भरलेल्या ठोकळ्यांपेक्षा अर्धवट भरलेल्यांची पकड चांगली आली.

म्हणून वीट आतून ओली आणि अंगाने कोरडी हवी. हौदातून काढून ती कडेवर, थोडी फट ठेवून, सावलीत मांडायची. उन्हाळ्यात अर्धा तास पुरतो, पावसाळ्यात दोन-तीन तासही लागतात. चकाकी गेलेली असावी. तळहात दाबला तर गारवा लागावा, पण हात ओला होऊ नये. अमेरिकेत गवंडीकामासाठी नाण्याची एक चाचणी सांगतात: पंचवीस मिलिमीटर व्यासाच्या नाण्याभोवती विटेवर पेन्सिलीने गोल काढायचा, त्यात पाण्याचे वीस थेंब टाकायचे, आणि ते दीड मिनिटात जिरले तर वीट रचण्याआधी भिजवायला हवी असं समजायचं. आपल्या हातवीटभट्टीच्या कोरड्या विटा या परीक्षेत जवळजवळ नेहमीच नापास होतात, म्हणून मी ती भिजवून मांडलेल्या विटेवर घेतो. थेंब टाकता-टाकताच गडप झाले तर आत अजून कोरडं आहे, आणि बराच वेळ काचेसारखे तसेच राहिले तर अजून मांडून ठेवा.

याहून खात्रीची परीक्षा गवंड्याच्या हातातच असते. वीट बसवून एक मिनिट थांबायचं आणि ती सरळ वर उचलायची. दोन्ही विटांच्या अंगावर माल फाटून राहिला तर पाणी बरोबर. सगळा माल खाली आणि वरची वीट स्वच्छ असेल तर कोरडी. वीट चिखलातून पाय काढावा तशी चळकन निघाली आणि तिच्यावर नुसतं पाणी दिसलं तर जास्त ओली. एका दिवसाच्या कामात अशी तीन-चार विटांची नासाडी मी हक्काने करवतो, मिस्त्री कुरकुरले तरी.

हे सगळं भाजलेल्या मातीच्या विटेचं, सिमेंटच्या मालातलं. चिखलात रचायची वीट भिजवू नये, कारण तिथे जमून घट्ट होणारं काही नसतं, चिखल सुकण्यावरच सगळं अवलंबून असतं. काँक्रीटचे ठोकळे हौदात बुडवले तर ते भिंतीत सुकताना आकसतात आणि दरजा तडकतात. त्यांचं फक्त मालाला लागणारं तोंड ओलसर करायचं. हलक्या एएसी ब्लॉकचंही तसंच.

सोलापूरची ती आडभिंत उतरवून पुन्हा बांधली. पाइपाऐवजी साइटवर विटांचाच कच्चा हौद केला. एक तास बुडवायचं, तागाच्या ओल्या पोत्यांखाली सावलीत मांडायचं, असा क्रम ठरला. गवंडी तेच, सिमेंट तेच, माल एकास सहाच. तीन आठवड्यांनी वायरमन पुन्हा झिरी मारायला आला. या वेळी मी मुद्दाम समोर उभा राहिलो. घाव जोरात बसला तिथे वीट मध्येच तुटली. अर्धा तुकडा खाली पडला, उरलेला अर्धा वर-खाली दोन्हीकडच्या मालाला धरून भिंतीतच राहिला.