लेबल, पिन आणि काटा

१२ मे
शहापूरच्या एका कॉलेजच्या पोराने व्हॉट्सॲपवर तीन फोटो धाडले. डेलचा ६५ वॅटचा चार्जर, किंमत नेहमीच्या निम्मी. "भाऊ, ओरिजिनल आहे का ते बघा ना." वस्तू दुकानात आली असती तर हातात घेताच कळलं असतं, पण त्याला आजच पैसे द्यायचे होते.

आधी लेबलाचा गुणाकार केला. १९.५ व्होल्ट गुणिले ३.३४ अँपिअर म्हणजे ६५ वॅट. बरोबर. अडाणी नकलेवर इथेच घोळ असतो. वर ६५ वॅट छापतात आणि खाली अँपिअर ४.६२, म्हणजे ९० वॅटचा आकडा. हा नक्कलवाला तसा नव्हता. मॉडेल DA65NM111-00, त्यातलं DA म्हणजे डेल्टाने बनवलेला. तेही जुळत होतं. पोराला म्हटलं, आज पैसे देऊ नकोस.

१३ मे
रात्री लाईट गेल्यामुळे राहिलेलं काम सकाळी केलं. लेबलावर बीआयएसचं चिन्ह आहे, वर IS 13252 आणि खाली R- लावून आठ आकडे. BIS Care ॲपमध्ये तो नंबर टाकला तर नोंद निघाली, कारखान्याचं नावही आलं. इथे पुष्कळ लोक चकतात. ॲपमध्ये डेलचं नाव दिसलं नाही की माल खोटा ठरवतात. नोंदणी ज्या कारखान्यात माल बनतो त्याची असते, म्हणून डेल्टाचं नाव आलं तर उलट ते बरोबरच. बघायचं ते इतकंच की त्या नोंदीत हे मॉडेल आहे का.

इथे सगळं जुळलं, आणि मला तेच खटकलं. खऱ्या लेबलाचा फोटो काढून जसाच्या तसा छापला तर R नंबरही खराच येणार! मग पोराला विचारलं, त्याच दुकानातून अजून कोणी घेतलाय का? त्याच्या मित्राने घेतला होता. त्याच्या लेबलाचा फोटो मागवला. बारकोडखालचा CN- पासून सुरू होणारा लांब क्रमांक दोन्हींवर एकच, शेवटच्या अक्षरापर्यंत. तो क्रमांक प्रत्येक नगाचा वेगळा असतो. छापणाऱ्याने एकच लेबल हजारांनी काढलेलं दिसतंय.

१५ मे
पोरगा अजून भाव करतोय. स्वस्ताई सुटत नाही. म्हटलं, पिनचा फोटो पाठव, फ्लॅश बंद ठेवून, उजेडाकडे तिरपी धरून. फ्लॅशने कुठलाही धातू चकाकतो आणि सगळं खरंच वाटतं.

डेलची ही जाड पिन ७.४ मिलिमीटरची, आणि मधोमध सुईसारखा बारीक काटा. त्या काट्यातून वीज जात नाही. चार्जरमधली चिप त्यातून लॅपटॉपला सांगते की मी इतक्या वॅटचा आहे. ते कळलं नाही तर चालू करताना स्क्रीनवर चार्जर ओळखता येत नसल्याचा इशारा येतो, बॅटरी भरत नाही आणि लॅपटॉप मुद्दाम धीमा चालतो. लोक मग बॅटरीला दोष देऊन नवी घेतात. फोटोत काटा एका बाजूला कललेला होता आणि प्लास्टिकवर साच्याची धारदार रेघ उठून दिसत होती. काट्याच्या आडव्या ताणाने लॅपटॉपचं सॉकेट हळूहळू ढिलं होतं, ते दुःख वेगळंच.

१६ मे
दुकानदाराने पोराला वजनाचा फोटो दिला. काट्यावर चार्जर, आकडा २५५ ग्रॅम. आमच्या कपाटातला जुना खरा नग २४० ग्रॅमचा, म्हणजे वरवर जुळलं. पण फोटो मोठा करून पाहिला तर भिंतीत लावायची जाड वायर चार्जरला खोचलेली, आणि तिचं वेटोळं काट्यावरच! मी २४० म्हणतो ते त्या वायरीशिवाय. "वायर काढून परत फोटो मागव," म्हटलं. आला तेव्हा आकडा १४८.

ते ९० ग्रॅम काय असतं? गोंगाट गाळणारी कॉइल, उष्णता शोषणारे ॲल्युमिनियमचे पत्रे, जाड ट्रान्सफॉर्मर. आमच्या बुऱ्हाणपुरात मे महिन्यात, पत्र्याखाली, हे नसलेला चार्जर किती टिकेल ते सांगायला नको. मात्र वजन भरलं म्हणून माल खरा, असं नाही. आत लोखंडाचा तुकडा चिकटवलेले नगही मी उघडलेत. हलका असला तर संशय पक्का, जड असला तर फक्त पुढची तपासणी सुरू.

१९ मे
पोराने तो नग सोडला. आता एक ताई बॅटरीचा फोटो घेऊन आल्या. जुन्या लॅपटॉपची, सहा सेलची, ५२०० एमएएच असं लेबल. दुकानदाराने वजन २०५ ग्रॅम सांगितलेलं. आत १८६५० जातीचे गोल सेल असतात, चांगला सेल ४५ ग्रॅमच्या आसपास. सहांचे २७० झाले, वर डबा नि सर्किट. २०५ मध्ये सहा चांगले सेल बसत नाहीत. चार असतील, नाहीतर सहा पोकळ. ताईंना म्हटलं, लेबल राहू द्या, आधी जुनी बॅटरी काट्यावर ठेवून तिचं वजन आणा.