अर्ध्या मात्रेची जागा

बाबांच्या १९९६च्या डायरीत एका पानावर चार ओळी आहेत. पहिली ओळ अशी: ‘थांबू नको जाऊ दूर’. स्वल्पविराम नाही, तारीख नाही. बाबा गेल्यानंतर दुसऱ्या वर्षी मी त्या ओळींना चाल लावली आणि आईला गायला दिली.

चाल बसवली लॅपटॉपवर. केरव्याचं एक आवर्तन म्हणजे आठ मात्रा, लय मिनिटाला ९०. म्हणजे एक मात्रा साधारण पाऊण सेकंदाहून थोडी कमी, ०.६७ सेकंद. दीर्घ अक्षराला एक मात्रा आणि ऱ्हस्वाला अर्धी दिली की ही ओळ बरोबर सात मात्रांत बसते. आठवी उरते. ती रिकामी वाटली म्हणून मी शेवटचा ‘र’ लांबवून भरून टाकली. चारही ओळींना हेच केलं. स्क्रीनवर सगळे सूर एकमेकांना चिकटून, टाइल्स बसवल्यासारखे दिसत होते. ऐकायलाही छान, कारण वाजत होता सिंथचा बासरीसारखा आवाज, आणि सिंथला फुप्फुसं नसतात.

आईला असतात. चार ओळी म्हणजे एकवीस सेकंद, मध्ये कुठेही श्वासाला फट नाही. तिसऱ्या ओळीत तिनं एका शब्दाच्या पोटातच श्वास घेतला. पहिल्यांदा मला वाटलं, तिचा रियाज सुटलाय. (हे मी तिला बोललोही. बोलायला नको होतं.) पण दोनदा, तीनदा तेच. चालीनं श्वासाला जागा दिली नाही, तर गाणारा ती चोरतो, आणि चोरलेली जागा बहुतेक वेळा शब्द तोडते.

आठवी मात्रा मोकळी सोडल्यावर हा प्रश्न लगेच सुटला. पाऊण सेकंदाच्या आतबाहेरची तेवढी फट झटकन श्वास घ्यायला पुरते. ‘र’ आखूड झाल्यामुळे ‘दूर’ हा शब्दही ‘दूरऽऽ’ न राहता दूर झाला.

खरी अडचण नंतर आली. गाणं मी एका मित्राला पाठवलं, शब्द न सांगता, आणि ऐकू आलं ते लिहून पाठव म्हटलं. ही चाचणी मी नेहमी करतो. आपल्याला शब्द पाठ असतात, त्यामुळे आपले कान फसवतात. त्यानं लिहिलं: ‘थांबू नको, जाऊ दूर’. मीही तेच धरून चाललो होतो. चल, निघू या, अशा अर्थानं.

आईला वाचून दाखवलं तर म्हणाली, “अरे, तसं नाहीये ते. थांबू. नको जाऊ दूर.”

पुढे काही बोलली नाही. भाजी निवडत राहिली.

आता ‘थांबू’नंतर स्वल्पविराम गायचा कसा? मी आधी तिथे एक अख्खी मात्रा घातली. पुढचं सगळं एक मात्रा सरकलं, ‘र’ संपेपर्यंत सम आली आणि शेवटची श्वासाची जागा पुन्हा गिळली गेली. मग कळलं की शांतता बाहेरून घालायची नसते, आधीच्या सुराच्या शेपटातून कापायची असते. ‘बू’ एक मात्रेचा होता, तो अर्ध्या मात्रेचा केला. ‘न’ होता तिथेच, तिसऱ्या मात्रेवर. मध्ये अर्धी मात्रा, सेकंदाचा एक तृतीयांश भाग. एवढ्यात श्वास नीट मावत नाही, पण अर्थ वेगळा व्हायला पुरतो.

तरीही मित्राला पूर्वीचंच ऐकू आलं. कारणं दोन निघाली. आई ‘बू’वरून ‘न’वर मींड घेत होती, सवयच तिची. मींड म्हणजे दोन सुरांमधला पूल, फट बुजलीच. शिवाय मी आवाजावर दोन सेकंदांचा रिव्हर्ब लावला होता. कापलेला ‘बू’ त्या घुमण्यात पुन्हा लांब होत होता. रिव्हर्ब बराच कमी केला, आईला ‘बू’ मिटून ‘न’ नव्यानं उचलायला सांगितला. हार्मोनियमनं त्या फटीत भरलेली छोटी जागाही काढली. तबला चालू ठेवला. आवाज थांबला म्हणून ताल थांबायचं कारण नाही.

या वेळी मित्रानं स्वल्पविराम बरोबर जागी टाकला.

गंमत म्हणजे पहिल्या अर्थासाठी करावं लागतं ते एवढंच: ‘बू’ पूर्ण ठेवायचा आणि ‘को’ अर्धा कापायचा. सूर तेच, शब्द तेच. मी तशीही एक फाइल करून ठेवली आहे. आईला ती ऐकवलेली नाही. बाबांच्या बदलीचा कागद त्याच डायरीत, चार पानं पुढे, घडी घालून ठेवलेला आहे.