आधी भीती विचारा

‘काम सुरू व्हायच्या आधी तुम्हाला सगळ्यात जास्त धास्ती कशाची होती?’ एवढं एकच विचारायचं आणि गप्प बसायचं. बस! मला तर या प्रश्नाचं वेडच लागलंय. नागपुरात जुन्या घरांची दुरुस्ती-नूतनीकरण करणारी आमची छोटीशी फर्म. साइट भाऊजी बघतात, कोटेशन आणि फोन माझ्याकडे. ग्राहकांचे व्हिडिओ घ्यायचं ठरलं तेव्हा वाटलं होतं, ते एक कंटाळवाणं काम असणार. ‘काम छान झालं, वेळेत झालं, धन्यवाद’ असं म्हणणारे व्हिडिओ तर गल्लोगल्ली आहेत, आणि ते कोणी शेवटपर्यंत बघतं का? पण भीती विचारली की माणूस स्वतःच्या भाषेत बोलायला लागतो आणि मग थांबत नाही.

अंबाझरीच्या बाजूला राहणाऱ्या एका काकूंचंच सांगते. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी फुगली आणि त्या भागातल्या घरांत पाणी शिरलं, ते नागपूरकर विसरणार नाहीत. काकूंचं घर तळमजल्याचं. चिखल निघाला, पण भिंतींनी पाणी पिऊन ठेवलं होतं. त्यावर एकाने घाईघाईत पुट्टी-रंग मारून दिला, आणि काही महिन्यांत पोपडे सुटले, खाली पांढरा लोणा फुलला. त्यानंतर आम्ही गेलो. ओलीच्या रेषेच्या वरपर्यंत गिलावा फोडला, विटा उघड्या ठेवून वाळू दिल्या आणि मगच नवा गिलावा चढवला.

कॅमेऱ्यासमोर काकू म्हणाल्या, ‘भीती कसली, बापा! वाटलं हेही भिंत फोडून जातील अन् फोनच उचलणार नाहीत. मी रोज सकाळी बघायची, माणसं येऊन राहिली की नाही.’ किती खरं बोलल्या! आमच्या जाहिरातीत मी ‘विश्वासार्ह सेवा’ असं शंभरदा लिहिलं असतं, तरी त्या ‘येऊन राहिली की नाही’ची बरोबरी झाली नसती. पुढचा प्रश्न होता, ‘मधे काय बिघडलं?’ हो, हाही विचारायचाच! काकूंनी सांगून टाकलं की टाइल्स उशिरा आल्या आणि आठवडाभर हॉलमध्ये शेगडी मांडून स्वयंपाक करावा लागला. भाऊजी म्हणाले, एवढं कापून टाक. मी ठेवलं. कारण त्याच दमात त्या म्हणाल्या होत्या, ‘पण उशीर होणार हे यांनी आधीच फोन करून सांगितलं.’ पहिलं वाक्य कापलं तर दुसऱ्यावर कोण विश्वास ठेवणार?

उत्तर कापायचंच नाही असं नाही. सात-आठ मिनिटांचं बोलणं आम्ही दीड मिनिटावर आणतो. मात्र दोन अर्धी वाक्यं जोडून तिसराच अर्थ काढायचा नाही, आणि तयार व्हिडिओ आधी त्यांनाच दाखवायचा. आमचा आवाज कापला जातो, म्हणून उत्तर पूर्ण वाक्यात द्या एवढं सांगून ठेवतो. ‘हो, तीच भीती होती’ असं उत्तर आलं तर बघणाऱ्याला काय कळणार, कोणती? कागद मात्र कोणाच्या हातात द्यायचा नाही. पाठ केलेलं वाक्य डोळ्यांतच दिसतं.

आणि आवाज! चित्र जरा अंधुक असलं तर लोक चालवून घेतात, शब्द ऐकू आले नाहीत तर पुढे सरकतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये कूलर म्हणजे घरातला जिवंत सदस्य, पण चित्रीकरण करताना त्याला बंदच करावं लागतं. म्हणून उन्हाळ्यात सकाळी लवकर जायचं. दुसरा शत्रू नव्या कामातच दडलेला असतो. चकाचक टाइल्स आणि रिकामी भिंत, त्यामुळे खोली घुमते. यावर उपाय इतका सोपा की मी हसले! कॅमेऱ्यामागे गाद्या उभ्या करायच्या, खाली सतरंजी टाकायची, कॉलर माइक पदराखाली न जाईल असा लावायचा. तोंड खिडकीकडे, पाठ भिंतीकडे. दिव्याच्या उजेडात फोनवर काळे पट्टे सरकताना दिसले तर समजायचं की आपल्या 50 हर्ट्झच्या विजेशी कॅमेऱ्याचा मेळ जुळत नाहीये. शटर 1/50 किंवा 1/100 वर ठेवलं की बहुतेक वेळा पट्टे जातात.

पण सगळ्यात मोठा शोध पुढेच आहे! हँडओव्हरच्या दिवशीचा व्हिडिओ हा अर्धाच पुरावा असतो. त्या दिवशी रंग नवा, माणूस खूश. ओलीचं काम खरं की खोटं, हे पावसाळाच सांगतो. म्हणून पावसाळा संपता संपता काकूंकडे परत गेलो. भिंतीवर पारदर्शक प्लास्टिकचा हातभर तुकडा, चारही कडा चिकटपट्टीने बंद, आणि दुसऱ्या दिवशी तो कॅमेऱ्यासमोर काकूंनीच काढला. भिंतीकडच्या बाजूला थेंब दिसले तर ओल भिंतीतून येते, खोलीकडच्या बाजूला दिसले तर ती हवेतली. दोन्ही बाजू कोरड्या होत्या. काकूंनी प्लास्टिकवरून बोट फिरवून कॅमेऱ्याला दाखवलं आणि म्हणाल्या, ‘बघा, सुकं आहे!’ ते बोट मी सांगून फिरवून घेतलं नव्हतं. यात एक मर्यादा आहे. एका दिवसाची चाचणी म्हणजे जन्माची हमी नाही, आणि तेवढी एक ओळ आम्ही पडद्यावर लिहितो.

हे सगळं जमतं ते पहिल्याच भेटीत ‘आधीचं’ चित्र घेऊन ठेवल्यामुळे. माप घ्यायला जातो त्याच दिवशी, दाराच्या चौकटीला फोन टेकवून. नंतरचंही तिथूनच, त्याच उंचीवरून. नंतर फोडलेल्या भिंतीचं चित्र कोण परत आणणार?

परवानगीही लेखी घेतो. व्हिडिओ कुठे दाखवणार, किती काळ, आणि नको वाटला तर काढून टाकू, एवढं एका पानावर मराठीत. घराचा क्रमांक, तिजोरी, कुलूप आणि मुलांचे चेहरे चित्रात येऊ देत नाही. बदल्यात सवलत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार शिफारस करणाऱ्याचं मत खरं हवं, आणि काही देणं-घेणं झालं असेल तर ते उघड सांगावं लागतं. मला तर ते बरंच वाटतं! म्हणून भाऊजींच्या मावसभावाचा व्हिडिओ, कितीही गोड असला तरी, ‘नातेवाईक’ असं लिहिल्याशिवाय बाहेर जात नाही.

आता वापरायचा कसा? सगळ्यांना सगळे पाठवून काहीच होत नाही. ओलीची तक्रार घेऊन कोणी फोन केला, तर कोटेशनसोबत त्याला काकूंचाच व्हिडिओ जातो. स्वयंपाकघर करायचं असेल तर कट्ट्याची उंची चुकण्याची धास्ती सांगणाऱ्या ताईंचा. खाली मराठी अक्षरं असतात, कारण ऑफिसात बसलेला माणूस आवाज बंद ठेवूनच बघतो. व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवला की चित्र चिरडत नाही. आणि काय होतं माहितेय? पूर्वी पहिला प्रश्न ‘स्क्वेअर फुटाचा भाव काय?’ असायचा. आता कित्येक जण विचारतात, ‘ते प्लास्टिक आमच्या भिंतीवर पण लावाल का?’ लावतो की! काम मिळायच्या आधीच लावतो, आणि तेही कॅमेरा सुरू ठेवून.

पुढच्या वेळी गिलावा करणाऱ्या मिस्त्रींनाच काकूंच्या शेजारी बसवायचं आहे. काकू तयार आहेत, मिस्त्री लाजताहेत.