मागे येता येत नाही

भोपाळच्या एम. पी. नगरमधल्या आमच्या ऑफिसात नव्या पोराने टेस्ट सर्व्हरची समजून प्रॉडक्शनची खिडकी उघडली आणि ग्राहकांचं टेबल उडवलं. पोस्टग्रेसने आधी नकार दिला होता: पावत्यांचं टेबल त्यावर अवलंबून आहे. पण खाली स्वतःच उपायही सुचवला, आणि पोराने तो टाइप केला:

```
DROP TABLE customers CASCADE;
```

"सर, अपन से गड़बड़ हो गई," म्हणत तो आला. लगेच आला, हे बरं झालं.

या CASCADE ने पावत्या पुसल्या जात नाहीत, फक्त ग्राहकाशी असलेली त्यांची फॉरेन की तुटते. खरं तर टेबल उडवता येतं ते टेबलाच्या किंवा स्कीमाच्या मालकाला, नाहीतर सुपरयूजरला. शिकाऊ पोराच्या हाती मालकाचं लॉगिन दिलं कोणी, हा प्रश्न त्याला विचारायचा नव्हता.

रात्रीचा बेस बॅकअप होता आणि त्यानंतरच्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या वॉल फायलीही. बॅकअप असणं आणि तो उघडणं यांत फरक असतो. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबचा मुख्य डेटाबेस पुसला गेला, तेव्हा कळलं की रोजचा `pg_dump` आवृत्ती जुळत नसल्याने बंदच पडत होता. शेवटी सहा तासांपूर्वीच्या प्रतीवर भागवावं लागलं. आमचा बॅकअप दर महिन्याला उघडून बघितलेला होता.

तो वेगळ्या सर्व्हरवर उतरवला. आता वॉल किती वाजेपर्यंत चालवायचा? लॉगमध्ये DROP ची वेळ होती ६ वाजून १२ मिनिटं ८ सेकंद. आमचा लॉग यूटीसीत असतो, म्हणजे आपले ११:४२:०८. आम्ही ११:४१ लाच थांबवलं, कारण वॉल पुढे नेता येतो, मागे नाही. DROP ओलांडला की पुन्हा बेस बॅकअपपासून सगळं.

थांबलेल्या प्रतीत टेबल दिसलं. पोराचा चेहरा उजळला, पण मी त्याला आधी प्रॉडक्शनच्या पावत्या ताडून बघायला लावल्या. एका पावतीवरचा ग्राहक क्रमांक प्रतीत नव्हता. त्या शेवटच्या मिनिटात कोणीतरी नवीन नाव नोंदवून लगेच बिल केलं होतं. सर्व्हर बंद करून वेळ पुढे सरकवली:

```
recovery_target_time = '2023-08-17 11:42:05+05:30'
```

पुन्हा चालू केल्यावर तो ग्राहक आला. मग `pg_dump -t customers` ने तेवढंच टेबल काढून प्रॉडक्शनवर चढवलं. पावत्यांकडची फॉरेन की या डंपमध्ये येत नाही, कारण ती दुसऱ्या टेबलाची असते. ती हाताने घालावी लागते, आणि घालताना पोस्टग्रेस प्रत्येक पावती तपासतं. एकही पावती पोरकी असती तर तिथेच अडलं असतं.

फॉरेन कीची ती ओळ पोरानेच टाइप केली. एंटर दाबण्याआधी खिडकी कुठल्या सर्व्हरची आहे ते त्याने मोठ्याने वाचलं.