उत्तर इलां काय?

फ्रीलान्स पत्रकारिता म्हणजे नेमकं काय, असं कुणी विचारलं की मी सांगते, चार दिवस लिहायचं आणि चाळीस दिवस मागे लागायचं. लेख पोचला का? छापणार का? बिल पास झालं का? मास कॉमच्या वर्गात बातमीचा पहिला परिच्छेद कसा लिहायचा ते शिकवलं. पण उत्तर न देणाऱ्या माणसाला न दुखावता दुसरा मेल कसा लिहायचा, हे काही सिलॅबसमध्ये नव्हतं. ते मला थकलेल्या बिलांनी शिकवलं. त्यामुळे यंदा एप्रिलमध्ये मालवणला मामाकडे गेले, तेव्हा मामेबहिणीने तिचं गाऱ्हाणं थेट माझ्यासमोर घातलं, यात नवल नव्हतं.

घरात तिला सगळे ‘बाय’ म्हणतात, म्हणून इथेही बायच. ती पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. नवं शैक्षणिक धोरण आल्यापासून इंटर्नशिपलाही क्रेडिट मिळतात. एक क्रेडिट म्हणजे 30 तास काम. बायला हवेत चार, म्हणजे 120 तास. मे महिन्यात रोज सहा तास धरले तर वीस दिवस. पुण्यातली एक छोटी कंपनी मराठीतून प्रवासाचे व्हिडिओ करते, तिथे तिने सोमवारी 6 एप्रिलला मेलवर अर्ज टाकला. सोबत बायोडेटा आणि तिने स्वतः फोनवर शूट केलेला रापणीचा तीन मिनिटांचा व्हिडिओ. रापण ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते, होडीतून लांबलचक जाळं समुद्रात अर्धगोल सोडतात आणि मग त्याची दोन्ही टोकं माणसं किनाऱ्यावरून ओढत आणतात. दांडीच्या किनाऱ्यावर पहाटे जाऊन तिने ते टिपलं होतं. व्हिडिओ खरंच झक्कास होता.

पण दोन आठवडे झाले, पुण्याहून चकार शब्द नाही. मामी रोज जेवताना विचारायची, “उत्तर इलां काय गो?” आणि बाय रोज माशाचे काटे वेगळे करण्यात फार गुंग असल्यासारखं दाखवायची. पुन्हा मेल कर, असं मी म्हटलं तर म्हणाली, “नको गो ताई. तेंका वाटात, ह्यां मागेच लागलां.”

तिची भीती काही वेडेपणाची नाही. पण आधी दोन आठवडे म्हणजे किती, ते मोजू. शनिवार-रविवार सोडले, 14 तारखेची आंबेडकर जयंतीची सुट्टी सोडली, तर 7 ते 20 एप्रिलमध्ये ऑफिसचे दिवस उरले फक्त नऊ. बायसाठी ते चौदा दिवस आणि चौदा रात्री होत्या, तिकडच्या माणसासाठी पावणेदोन कामाचे आठवडे. म्हणजे उशीर झालाय, पण कुणी तुम्हाला विसरलंय किंवा नाकारलंय असं म्हणण्याइतका नाही. अशा वेळी विचारलं तर ते मागे लागणं होत नाही. पाचव्या दिवशी विचारलं असतं, तर कदाचित झालं असतं.

तरी मी तिला लगेच लिहायला दिलं नाही. उत्तर आलं नाही, असं दुसऱ्याला सांगण्याआधी आपल्या बाजूचा रस्ता मोकळा आहे का ते बघायचं, हा माझा नियम. मग सोमवारी, 20 तारखेच्या संध्याकाळी, ओटीवर बसून आम्ही तिचा अर्ज तपासायला घेतला. पाठवलेल्या मेलमध्ये पत्ता बरोबर होता. स्पॅममध्ये काही नव्हतं. बायोडेटा जोडलेला होता, उघडतही होता. राहिला व्हिडिओ.

तो होता 180 एमबीचा. जीमेलवर 25 एमबीपेक्षा मोठी फाइल जोडता येत नाही, त्यामुळे तिने ड्राइव्हवर चढवून लिंक मेलमध्ये पेस्ट केली होती. मी ती लिंक मामीच्या फोनवर इनकॉग्निटो विंडोत उघडली, म्हणजे एखाद्या परक्या माणसाला दिसेल तशी. व्हिडिओ आलाच नाही. लॉगिन करा, म्हणे! लॉगिन केल्यावर पान म्हणालं, परवानगी मागा. कारण ड्राइव्हवर टाकलेली फाइल सुरुवातीला Restricted असते. आपण स्वतः बदलून Anyone with the link करत नाही, तोवर ती बाकी सगळ्यांसाठी कुलूपबंद. बायच्या फोनवर ती रोज उघडायची, म्हणून तिला शंका येण्याचं कारणच नव्हतं.

आता प्रश्न असा की, कंपनीतल्या कुणी ती लिंक दाबून परवानगी मागितली असेल, तर ती विनंती बायला मेलवर यायला हवी होती. ती तर कुठेच नव्हती. मग तिला एकदम आठवलं. तिच्या खात्यातली फुकटची 15 जीबी जागा भरलेली होती, म्हणून व्हिडिओ तिने भावाच्या खात्यावर चढवला होता! फाइल ज्याच्या खात्यावर, परवानगीची विनंतीही त्यालाच जाते. भाऊ गोव्यात नोकरीला. त्याला फोन लावला. त्याने दहा मिनिटं मेल चाळले आणि म्हणाला, “गे बाय, हय एक इलां हा. धा तारखेचां.”

10 एप्रिल! म्हणजे अर्ज केल्यावर चौथ्या दिवशी त्या ऑफिसातल्या कुणीतरी बायचा मेल वाचला होता, व्हिडिओ बघावासा वाटला होता आणि दारावर टकटकही केली होती. फक्त दार भलत्याच घराचं होतं. ज्याला आम्ही दोन आठवडे मौन म्हणत होतो, ते तिकडून बघितलं तर आमचंच मौन होतं.

मी ज्या ऑफिसांत काम केलंय, तिथे अर्जांचं काय होतं ते पाहिलंय. इंटर्न निवडणं हे छोट्या कंपनीत कुणाचंच मुख्य काम नसतं. एडिटिंग नाहीतर हिशेब सांभाळून कुणीतरी ते करतं. ज्या अर्जात सगळं आहे, त्यावर हो किंवा नाही ठरतं. ज्यात काहीतरी अडकलंय, तो ‘नंतर बघू’मध्ये जातो आणि तिथून सहसा परत येत नाही. फॉलो-अपचं खरं काम अर्जाला त्या ढिगातून वर काढण्याचं असतं. नुसती आठवण करून ते होत नाही. अडलेलं काय ते सोडवून द्यावं लागतं.

बायने आधी लिहून ठेवलेला मसुदा असा होता: ‘मी दोन आठवड्यांपूर्वी अर्ज केला होता, परंतु अद्याप आपणाकडून कोणताही प्रतिसाद मिळालेला नाही. तरी कृपया लवकरात लवकर कळवावे, ही नम्र विनंती.’ शाळेत दहापैकी नऊ मार्क मिळतील असा. पण ‘अद्याप’ आणि ‘कोणताही’ हे शब्द नम्र विनंतीच्या आत बसून तक्रारच करतात. दुसरं म्हणजे, कळवावे म्हणजे काय कळवावे? वाचणाऱ्याला उत्तरासाठी आधी निर्णय घ्यावा लागेल, मग तो शब्दांत मांडावा लागेल. एवढं कोण करतं, बॉस? हो, नाही किंवा तारीख, एवढ्यात उत्तर देता आलं पाहिजे.

मग आम्ही भावाकडून फाइल खुली करून घेतली, लिंक मामीच्या फोनवर पुन्हा तपासली आणि नवा मेल लिहिला. नवा म्हणजे जुन्या अर्जालाच रिप्लाय करून. त्यामुळे विषयाची ओळ तीच राहते, जुना अर्ज खाली दिसतो आणि वाचणाऱ्याला शोधाशोध करावी लागत नाही. मात्र रिप्लाय करताना जुने अटॅचमेंट सोबत जात नाहीत, म्हणून बायोडेटा पुन्हा जोडला. मेल असा होता:

‘नमस्कार,

मे महिन्याच्या इंटर्नशिपसाठी मी 6 एप्रिलला अर्ज पाठवला होता. त्यातली व्हिडिओची लिंक तुमच्याकडे उघडली नाही, हे मला काल कळलं. क्षमस्व. आता ती लॉगिनशिवाय उघडते; लिंक खाली पुन्हा देत आहे. रापणीचा हा व्हिडिओ तीन मिनिटांचा आहे. बायोडेटाही सोबत जोडला आहे.

इंटर्नशिप कुठे करणार, हे मला सोमवार, 27 एप्रिलपर्यंत कॉलेजला कळवायचं आहे. माझा अर्ज अजून विचारात आहे का, एवढं शुक्रवारपर्यंत कळवलंत तर मदत होईल. 4 ते 29 मे या काळात मी पुण्यात राहून काम करू शकते.’

खाली नाव, कॉलेज, फोन नंबर. बस्स.

यात ‘क्षमस्व’ एकदाच आहे. भाऊ, गोवा, 15 जीबी हे सगळं रामायण बायला सांगायचं होतं, ते मी ठेवू दिलं नाही. वाचणाऱ्याला त्याचा उपयोग शून्य. आणि 27 तारीख खरी होती. खोटी डेडलाइन कधी टाकू नका, ती निघून गेल्यावरही तुम्ही थांबलेले दिसता आणि सगळी हवा जाते. लिहून झालं तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते, म्हणून मेल मंगळवारी सकाळी दहासाठी शेड्युल केला. रात्री आलेला मेल सकाळच्या गर्दीत खाली गेलेला असतो, एवढंच कारण.

मधल्या दिवसांत तिला रिकामं बसू दिलं नाही. मेच्या अखेरीस मालवणात स्कूबा, पॅरासेलिंग सगळं पावसाळ्यासाठी बंद होतं. गावातच कुणासाठी व्हिडिओ करून 120 तास भरायचे, तर मेच्या पहिल्या आठवड्यातच सुरुवात हवी. पुण्याच्या भरवशावर पंधरा मेपर्यंत थांबली असती, तर इथलीही वाट बुडाली असती. म्हणून त्याच आठवड्यात ती तारकर्लीला दोन ठिकाणी विचारून आली. शुक्रवारपर्यंत पुण्याहून उत्तर आलं नसतं, तर तिसरा मेल करायचा नाही, तारकर्लीचं नाव कॉलेजला द्यायचं, असं आमचं ठरलं होतं. तिला खरी तारीख नसती, तर आणखी आठवड्याने एक शेवटचा दोन ओळींचा मेल चालला असता. त्यानंतर मात्र फुलस्टॉप. फोन नाही, कुणाच्या इन्स्टावर मेसेज नाही.

उत्तर गुरुवारी दुपारी आलं. दीड ओळीचं. व्हिडिओ आवडला, मेची बॅच भरली आहे, 1 जूनपासून चालेल का?

म्हणजे 10 एप्रिलला लिंक उघडली असती तर मे मिळालाही असता, कुणास ठाऊक. बायचा चेहरा क्षणभर पडला. मग तिने कॉलेजात सरांना फोन करून विचारलं, पुढचं वर्ष सुरू व्हायच्या आत तास भरले तर जून चालेल का? चालेल म्हणाले. तिने तासाभरात पुण्याला ‘हो, 1 जूनला येते’ असं कळवलं. तारकर्लीच्या दोघांनाही आपण येत नसल्याचं त्याच संध्याकाळी सांगून टाकलं. त्यांनाही कुणाच्या तरी उत्तराची वाट बघायला लागू नये, हे तिला मी सांगायची गरज पडली नाही.