जाहिरातीतली क्रियापदं

भाचीचा फोन रात्री साडेदहाला आला. ती सोलापूरला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. "मामा, एक इंटर्नशिप निघालीय पुण्यात. पण नऊ गोष्टी मागितल्यात आणि मला येतात साडेतीन."

जाहिरात पाठव म्हटलं. पायथन, एसक्यूएल, गिट, रेस्ट एपीआय, डॉकर, एडब्ल्यूएस, काफ्का, कुबरनेटिस आणि शेवटी 'उत्तम संवादकौशल्य'. साडेतीनातलं अर्धं ते असावं.

अशा याद्या मीही लिहिल्या आहेत. लिहिल्या म्हणजे काय, जुन्या उचलल्या. मी ज्या कंपनीत होतो तिथे इंटर्न हवा झाला की एचआरकडून एक नमुना यायचा. तो बहुधा कुठल्यातरी सीनियर माणसासाठी बनवलेला असे. त्यातलं '५ वर्षांचा अनुभव' खोडायचं आणि बाकीचं तसंच ठेवायचं. एका वर्षी आमच्या जाहिरातीत असंच कुबरनेटिस राहून गेलं. एक मुलगा बिचारा त्याच्या व्याख्या पाठ करून आला, आणि दोन टेबलं जोडायच्या साध्या प्रश्नावर अडला. आम्हाला हवं होतं ते दुसरंच. पण हे त्याला सांगणार कोण, आम्हीच तर तसं लिहिलं होतं.

म्हणून मी जाहिरात यादीपासून वाचत नाही. कौशल्यांची यादी कुणीही चिकटवतो, पण 'काम काय असेल' हा परिच्छेद बहुतेक वेळा ज्याला खरंच माणूस हवा आहे त्यानेच लिहिलेला असतो. भाचीला म्हटलं, त्यातली क्रियापदं वाचून दाखव. तिने वाचली: ग्राहकांच्या तक्रारींचे अहवाल तयार करणे, डेटातल्या चुका शोधणे, आधीच्या एपीआयमध्ये लहान बदल करणे, त्यांच्या चाचण्या लिहिणे.

आता यादी या चार वाक्यांवर ठेवून बघायची. अहवाल आणि डेटातल्या चुका म्हणजे एसक्यूएल. बदल आणि चाचण्या म्हणजे पायथन. एपीआयची कल्पना हवी, पण तो शून्यातून उभारायचा नाही. गिट लागणारच, तिला ते येतं. काफ्का आणि कुबरनेटिस कामात कुठेच नाहीत. एडब्ल्यूएसचं तर असं, की चालू सर्व्हरच्या चाव्या नवख्या इंटर्नच्या हातात सहसा कुणी देत नाही. डॉकर लागेल, पण बव्हंशी कुणीतरी लिहून ठेवलेल्या दोन-तीन कमांड चालवण्यापुरतं. 'हँड्स-ऑन' हा शब्द पायथन-एसक्यूएलपुढे होता आणि डॉकरपुढे 'ओळख असल्यास उत्तम'. नुसत्या शब्दांवर माझा भरवसा नसतो. कामाशी जुळले तरच धरतो.

राहिलं एसक्यूएल. ते "थोडं येतं" म्हणाली. थोडं म्हणजे किती? मी तिला एक काम दिलं. सहा विभाग आणि त्यांच्या तक्रारी, अशी दोन टेबलं कर. एका विभागाची एकही तक्रार नको. आता प्रत्येक विभागाच्या किती तक्रारी ते काढ.

पहिल्या उत्तरात पाचच विभाग आले. साध्या `JOIN`ने बिनतक्रारीचा विभाग गाळला होता. तो तिने स्वतःच ओळखला आणि `LEFT JOIN` केलं. सहावा विभाग आला, पण त्याच्यापुढे तक्रारी १! तिथे ती थबकली. वीसेक मिनिटांनी तिने हे पाठवलं:

```sql
SELECT v.name, COUNT(t.id)
FROM vibhag v
LEFT JOIN takrar t ON t.vibhag_id = v.id
GROUP BY v.id, v.name;
```

आधी तिने `COUNT(*)` लिहिलं होतं. ते ओळी मोजतं, आणि `LEFT JOIN` त्या विभागाची एक ओळ तक्रारीचे रकाने रिकामे ठेवून राखतंच. `COUNT(t.id)` रिकामा रकाना मोजत नाही, म्हणून शून्य.

उत्तर पहिल्याच फटक्यात यावं अशी माझी अपेक्षा नव्हती. आकडा चुकलाय हे तिला दिसलं का, एवढंच मला बघायचं होतं. ते दिसलं नसतं, तर बाकीच्या आठही गोष्टी येत असत्या तरी मी तिला थांबवलं असतं, कारण 'चुका शोधणे' हेच तर ते काम.

"मग करू अर्ज?"

थांब म्हटलं, अजून एक ओळ आहे. ती कौशल्यांत नव्हती, अगदी तळाला बारीक अक्षरांत होती: जानेवारी ते जून, पूर्ण वेळ, ऑफिसमध्ये, कॉलेजचं ना हरकत पत्र आवश्यक. काफ्का महिन्याभरात शिकता येतं, पण तिसऱ्या वर्षाचं सहावं सेमिस्टर पुण्यात बसून देता येत नाही. तिच्या कॉलेजात अशी परवानगी फक्त शेवटच्या सेमिस्टरला मिळते.

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे सगळं येत असतं तरी बसलेच नसते."

"यंदा नाही. जाहिरात जपून ठेव, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन महिन्यांसाठी घेतात का, एवढं विचारणारी चार ओळींची मेल टाक. त्या मेलमध्ये आज केलेल्या क्वेरीबद्दल लिही."

"आणि संवादकौशल्य?"

"ते मेलमध्येच कळेल त्यांना."