दिवा मालवल्यानंतर

विद्यालयाच्या वसतिगृहात रात्रीची वंदना आटोपली की घंटा होई आणि दिवे मालवले जात. त्यानंतरची काही मिनिटे आमची एकट्याची असत. अंधारात उघड्या डोळ्यांनी पडून राहण्याची सवय आम्हां दोघांनाही येथेच लागली आणि संसार थाटल्यावरही ती सुटली नाही. मात्र त्या मिनिटांचे करावे काय, हे आम्हांला चाळिशी उलटल्यावर उमगले, आणि तेही दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका रोमन लेखकाकडून. स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला, तेव्हा त्याविषयीच लिहावे असे आम्ही ठरविले.

सेनेका हा स्टोइक पंथाचा विचारवंत. त्याने क्रोधाविषयी तीन भागांचा एक ग्रंथ आपल्या भावाला उद्देशून लिहिला. त्याच्या अखेरीकडे तो स्वतःचा एक नित्यक्रम सांगतो. सेक्स्टियस नावाच्या एका आधीच्या विचारवंताकडून त्याने तो उचलला होता. सेक्स्टियस रोज झोपण्यापूर्वी स्वतःच्या मनाला तीन प्रश्न विचारी: आज आपला कोणता दोष बरा केला, कोणत्या दुर्गुणाला अडविले, आणि कोणत्या बाबतीत आज आपण कालच्यापेक्षा बरे ठरलो. सेनेकाच्या घरात रात्री दिवा नेला जाई, नवऱ्याची सवय ठाऊक असलेली पत्नी बोलणे थांबवी आणि तो आपला सबंध दिवस पुन्हा तपासू लागे. स्वतःपासून काहीही लपवायचे नाही, काहीही वगळायचे नाही, आणि चूक सापडली तर पुन्हा असे करू नकोस, या वेळी क्षमा आहे, असे स्वतःला बजावून पुढे जायचे, अशी ती रीत.

त्याने दिलेली उदाहरणे वाचून आम्हांला आश्चर्य वाटले. एखाद्या वादात आपण फार चढ्या आवाजात बोललो. एकाला समज दिली ती गरजेपेक्षा अधिक मोकळेपणाने, त्यामुळे तो सुधारला नाहीच, दुखावला मात्र. जेवणाच्या पंगतीत मानाची जागा मिळाली नाही म्हणून राग आला. साम्राज्याच्या कारभारात वावरलेला हा माणूस रात्री तपासतो ते असे किरकोळ प्रसंग! पण त्यामागे कारण आहे. त्याच ग्रंथात तो रागाच्या तीन पायऱ्या सांगतो. पहिली म्हणजे नुसता धक्का. अंगावर थंड पाणी पडल्यावर शहारा यावा तसा तो येतो, त्यावर आपला ताबा नसतो. दुसऱ्या पायरीवर मन एका विधानाला होकार देते: माझ्यावर अन्याय झाला आहे आणि त्याचा बदला घेणे योग्य आहे. तिसऱ्या पायरीवर राग आपल्या हातून सुटलेला असतो. पहिली पायरी टळत नाही आणि तिसरी आवरत नाही. काही करता येण्याजोगे असेल ते दुसऱ्या पायरीवरच, आणि भर रागात ती दिसत नाही. ती रात्री, शांतपणे मागे वळून पाहिले तरच दिसते. किरकोळ प्रसंग यासाठी उपयोगी, कारण तेथे तो होकार उघडा असतो.

आमच्या घरातला एक दिवस सांगतो. आमच्यापैकी एकाचे वडील आमच्याजवळ राहतात. वय अठ्ठ्याहत्तर. नात शिक्षणासाठी परगावी गेल्यापासून ते दिवसातून अनेकदा एकच प्रश्न विचारतात: "पोरगी कधी येणार?" एका संध्याकाळी जेवताना त्यांनी तो तिसऱ्यांदा विचारला आणि आम्ही ताडकन म्हणालो, "बाबा, आत्ताच सांगितलं ना!" ते गप्प झाले. ताटातली अर्धी भाकरी तशीच राहिली.

त्या रात्री तो प्रसंग पुढे आला. धक्का कोणता, तर दमून आलेल्या डोक्याला लागलेली प्रश्नाची ठेच. तिचा दोष कुणाचाच नव्हता. मग होकार कशाला दिला? शोधता शोधता दोन वाक्ये सापडली. पहिले: ते मुद्दाम ऐकत नाहीत. दुसरे: दिवसभर राबलेल्या माणसाला जेवताना शांतता मिळालीच पाहिजे. पहिले वाक्य सरळ खोटे होते; विस्मरण म्हणजे हट्ट नव्हे. दुसरे खरे वाटत होते, पण तो करार बाबांनी आमच्याशी कधी केलेला नव्हता. एवढे दिसल्यावर दुसऱ्या दिवसासाठी एकच गोष्ट ठरविली: प्रश्न आला की उत्तर पहिल्यांदाच दिल्यासारखे द्यायचे. चौथ्या दिवशी आम्ही पुन्हा चुकलो. त्या रात्री पुन्हा तेच तपासले.

या रीतीत चुकण्याच्या जागा दोन आहेत आणि आम्ही दोन्ही पाहिल्या. एक म्हणजे वकिली: आढावा दुसऱ्यांच्या दोषांचा सुरू होतो आणि आपण निर्दोष सुटतो. दुसरी म्हणजे फटके: एका चुकीवरून आपण माणूस म्हणूनच वाईट, असा निवाडा देऊन तळमळत राहणे. सेनेका न्यायालयाचे शब्द वापरतो, पण त्याचे काम हिशेब तपासणाऱ्याचे आहे. आकडा कुठे चुकला ते पाहायचे, दुरुस्ती लिहायची आणि वही मिटायची. खूणही तो सांगतो. या आढाव्यानंतरची झोप शांत आणि गाढ असते. झोप उडत असेल, तर आपण काही वेगळेच करीत आहोत असे समजावे.

प्येर आदो या फ्रेंच अभ्यासकाने 1981 साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात अशा सवयींना आध्यात्मिक साधना म्हटले. आत्मा आणि परमात्मा यांच्याशी नाते सांगणारा हा शब्द आपल्या वाचकांना खटकेल. आदोचा आशय निराळा होता. येथे केवळ बुद्धी काम करीत नाही, कल्पना आणि भावनाही कामाला लागतात, आणि माणसाची पाहण्याची रीतच बदलते. म्हणून नैतिक किंवा बौद्धिक हे शब्द त्याला तोकडे वाटले. मज्झिम निकायात भगवान बुद्ध राहुलाला आरशाचा दाखला देतात आणि कृती करण्यापूर्वी, करताना व केल्यानंतर ती पारखून पाहायला सांगतात. ज्यांनी तो उपदेश येथे ऐकला आहे, त्यांना आदोचे म्हणणे परके वाटणार नाही.

दुसरी साधना अवघड आहे: जे प्रिय आहे ते नाहीसे झाले आहे अशी कल्पना करणे. एपिक्टेटस पूर्वी गुलाम होता. मुक्त झाल्यावर तो शिक्षक झाला. तो ही साधना पायरीपायरीने शिकवितो. आरंभ आवडत्या मडक्यापासून करायचा: हे मडके आहे, फुटणारे आहे. मग हळूहळू माणसांपर्यंत यायचे. लेकराचा मुका घेताना हे मर्त्य आहे याची आठवण मनाशी ठेवावी, असे तो सांगतो. असे अभद्र बोलू नये, हा आक्षेप त्याच्या श्रोत्यांचाही होता. त्यावर तो विचारतो की कणसे कापली जातात, असे म्हणणे अभद्र आहे काय? जे निसर्गात घडते त्याचे नाव घेतल्याने ते ओढवत नाही.

आम्ही बाबांपासून आरंभ केला, आणि तेथेच चुकलो. मडक्याची पायरी गाळली. परिणाम असा की रात्री कल्पना सुरू होई: त्यांना काही झाले तर, रुग्णालय किती लांब, पैसे पुरतील का, पोरीला कसे कळवायचे. ही साधना नव्हती, घोर होता. सेनेका स्वतःच एका पत्रात बजावतो की जे अद्याप आलेले नाही त्यासाठी आधीच दुःखी होऊ नये. दोन्हींतला फरक आम्हांला असा कळला. घोर 'मग काय होईल' या साखळीने पुढे सरकतो आणि त्याला शेवट नसतो. साधनेत वाक्य एकच असते, ते खरे असते, आणि ते म्हणून झाले की मन आज समोर असलेल्या माणसाकडे परतते. म्हणून आम्ही ती रात्रीतून काढून दिवसा आणली. बाबांना चहा देताना, कप हाती असेपर्यंत, एकच गोष्ट मनाशी म्हणायची: हा चहा एक दिवस शेवटचा असेल. मग त्यांच्या शेजारी बसायचे. प्रश्न पाचव्यांदा आला तरी त्या वेळी तो जड जात नसे.

असे आम्ही वडिलांसाठी तयार होत होतो. फोन आला तो दुसऱ्याच कुणासाठी. वसतिगृहात आमच्याहून तीन इयत्ता खाली असलेला, आमच्या पेटीतला खाऊ हक्काने खाणारा, पुढे घरचाच झालेला आमचा मित्र हृदयविकाराने गेला. वय सत्तेचाळीस. त्याच्यासाठी आम्ही एकदाही ते वाक्य म्हटले नव्हते.

त्यानंतर कित्येक आठवड्यांनी सेनेकाचे त्रेसष्टावे पत्र वाचण्यात आले. मित्र गमावलेल्या ल्युसिलियसला तो शोक आवरण्याविषयी लिहितो आणि मध्येच कबूल करतो की सेरेनस हा आपला जिवलग गेला तेव्हा आपण स्वतः बेसुमार रडलो. कारणही सांगतो. सेरेनस वयाने बराच लहान होता, म्हणून तो आपल्याआधी जाईल असे कधी मनातच आले नव्हते. जणू मृत्यू वयाची रांग पाळतो. साधना शिकविणाऱ्यानेच साधनेतली आपली फट दाखवावी, हे वाचून आम्ही पुस्तक मिटले आणि बराच वेळ कुणी बोलले नाही. आमची फट नेमकी तीच होती.

त्या रात्रीच्या आढाव्यात त्याचा शेवटचा फोन आला. विद्यालयाच्या कार्यक्रमाला सोबत जाऊ, असे तो म्हणत होता, आणि आम्ही "बघू, नंतर सांगतो" म्हणून फोन ठेवला होता. होकार कशाला दिला होता? वेळ भरपूर आहे, या वाक्याला. दुरुस्ती काय करणार? त्याच्या बाबतीत काही उरले नव्हते, आणि आढाव्याची ही मर्यादा मान्य करावी लागते. तो उद्याचा दिवस सुधारू शकतो, कालचा नाही. साधनेने आमचे रडणेही थांबविले नाही, आणि तिने ते थांबवावे अशी आमची इच्छा नव्हती.

बदलले ते एवढेच. चहाच्या कपाशी म्हणायचे ते वाक्य आता केवळ बाबांचे राहिलेले नाही. ते आम्ही लेकीचा फोन ठेवताना म्हणतो, आणि एकमेकांकडे पाहूनही म्हणतो. वयाची रांग त्यातून काढून टाकली आहे. रात्री दिवा मालवला की आमच्यापैकी एकजण गप्प होतो, दुसराही गप्प होतो. सकाळी बाबा विचारतात, "पोरगी कधी येणार?" आणि आम्ही सांगतो, "दिवाळीला, बाबा."